घटक ७ : सत्काराला उत्तर – पुरस्कार स्वीकारताना करावयाचे छोटे भाषण

७.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला
– पुरस्कार स्वीकारतानाचे भाषण आणि विषयाचे व्याख्यान यांतील फरक सांगता येईल;
– सहकाऱ्यांना श्रेय देणारी वाक्ये आणि श्रेय पुसून टाकणारी वाक्ये ओळखता येतील;
– लेखी वळणाचा मसुदा बोलण्याच्या वळणात आणता येईल;
– आपल्या व्यवसायाच्या संदर्भात तीन मिनिटांचे उत्तराचे भाषण तयार करता येईल.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, यापूर्वीच्या घटकांत आपण प्रास्ताविक, परिचय आणि आभारप्रदर्शन या भाषणप्रकारांचा विचार केला. त्या तिन्ही प्रकारांत वक्ता दुसऱ्याविषयी बोलत असतो. या घटकातील भाषणप्रकार वेगळा आहे. येथे सत्कार वक्त्याचाच झालेला असतो, आणि तरीही त्याने स्वतःविषयी कमीत कमी बोलावे अशी सभेची अपेक्षा असते. या प्रकाराला मराठीत ‘सत्काराला उत्तर’ असे नाव आहे. ‘उत्तर’ हा शब्द येथे अर्थपूर्ण आहे. कोणीतरी काही म्हटले आहे, त्याला हे प्रत्युत्तर आहे. ‘तुमचे काम आम्ही पाहिले,’ असे सभेने म्हटले. आता ते काम नेमके कसे झाले आणि कोणाकोणाच्या हातांनी झाले, हे सांगणे वक्त्याकडे आले.

तुमच्यापैकी अनेकजण शाळा, आरोग्य केंद्र, बँक, कृषी कार्यालय किंवा कारखाना येथे काम करीत हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहात. म्हणून या घटकात व्यावसायिक पुरस्काराचा प्रसंग घेतला आहे आणि उदाहरण वऱ्हाडातील, अकोल्याच्या कापूस संशोधनाच्या क्षेत्रातील निवडले आहे.

७.२ प्रसंगाची ओळख

पुरस्कार स्वीकारल्यावर प्रत्येक ठिकाणी भाषण करावयाचे असतेच असे नाही. पद्म पुरस्कारांचे उदाहरण पाहा. मेळघाटातील बैरागड येथे वैद्यकीय सेवा करणारे डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ साली पद्मश्री जाहीर झाली. हा सन्मान दोघांना मिळून दिला गेला, म्हणजे श्रेयाची वाटणी पुरस्काराच्या नोंदीतच आहे. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे अनाथ व दिव्यांग मुलांचा सांभाळ करणारे शंकरबाबा पापळकर यांना २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली. राष्ट्रपती भवनातील पद्म पुरस्कारांच्या समारंभात मानकरी भाषण करीत नाहीत. नाव पुकारले जाते, सन्मान स्वीकारला जातो आणि मानकरी आपल्या जागी परततो. बोलण्याची वेळ येते ती गावी परतल्यावर, अमरावतीच्या एखाद्या सभागृहात किंवा तालुक्याच्या ठिकाणी नागरी सत्कार होतो तेव्हा. तेथे समोर बसलेले श्रोते वक्त्याला वर्षानुवर्षे ओळखत असतात. त्याचे काम त्यांनी पाहिलेले असते, आणि त्या कामातील इतरांचे हातही पाहिलेले असतात. म्हणून स्थानिक सत्काराचे उत्तर अधिक कसोटीचे ठरते. दिल्लीत न उच्चारलेले नाव कोणाच्या ध्यानात येत नाही. गावात ते लगेच येते.

दुसरी लक्षात घेण्याची गोष्ट म्हणजे उत्तराचे भाषण आणि व्याख्यान यांतील भेद. नोबेल पारितोषिकाच्या परंपरेत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. मानकरी आपल्या संशोधनावर स्वतंत्र व्याख्यान देतो, आणि समारंभानंतरच्या भोजनप्रसंगी काही मिनिटांचे आभाराचे भाषण करतो. आपल्याकडील समारंभांत ही विभागणी नसल्यामुळे अनेक वक्ते एकाच भाषणात दोन्ही कामे उरकू पाहतात. परिणामी आभारही नीट होत नाहीत आणि विषयही नीट उलगडत नाही. अमेरिकेतील ऑस्कर समारंभात मानकऱ्याला ४५ सेकंदांची मर्यादा सांगितलेली असते. आपल्याकडे इतकी घाई नसते. तरीही एका कार्यक्रमात अनेक पुरस्कार असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन ते तीन मिनिटांपेक्षा अधिक वेळ येत नाही.

तीन मिनिटे म्हणजे किती शब्द? सभेत सावकाश आणि स्पष्ट मराठी बोलताना मिनिटाला साधारणपणे १०० ते १२० शब्द होतात. तेव्हा तीन मिनिटांच्या भाषणाचा मसुदा ३०० ते ३५० शब्दांचा असावा. वहीच्या दीड पानापेक्षा अधिक मजकूर झाला, तर तो व्याख्यानाकडे वळू लागला आहे असे समजावे.

७.३ श्रेय आणि वाक्यरचना

श्रेय देण्यासाठी मोठेपणाचे शब्द लागतात असा समज आहे. वस्तुतः श्रेय देणे किंवा न देणे हे पुष्कळदा वाक्याच्या रचनेतच ठरते. पुढील दोन वाक्ये वाचा.

(अ) हजारो कळ्यांचे परागीकरण करण्यात आले.
(आ) मजूर बायांनी हजारो कळ्यांचे परागीकरण केले.

दोन्ही वाक्यांतील माहिती एकच आहे. परंतु पहिल्या वाक्यात कर्ता नाही. ‘-ण्यात आले’ ही रचना कार्यालयीन मराठीत सोयीची असते, कारण निर्णय कोणी घेतला हे तेथे सांगावयाचे नसते. आपण दिवसभर अहवाल, टिप्पणी आणि परिपत्रके यांच्या भाषेत वावरत असल्यामुळे ही रचना नकळत भाषणात येते. भाषणात ती आली की काम राहते आणि माणसे नाहीशी होतात. गंमत अशी की वक्त्याच्या मनात सहकाऱ्यांविषयी खरी कृतज्ञता असते. पण ती बाजूच्या एका वाक्यात ‘सर्व सहकाऱ्यांचा ऋणी आहे’ अशी येते, आणि काम सांगणाऱ्या दहा वाक्यांत सहकारी कोठेही नसतात.

म्हणून पहिला नियम असा : कामाच्या क्रियापदापुढे काम करणाऱ्याला आणा. मराठीतील ‘ने’ आणि ‘नी’ हे प्रत्यय यासाठीच आहेत. ‘नोंदी ठेवण्यात आल्या’ याऐवजी ‘नोंदी अमुक भाऊंनी ठेवल्या’ असे म्हटले की वेगळे आभार मानण्याची गरज फारशी उरत नाही. ते वाक्यच आभार असते.

दुसरा मुद्दा सर्वनामांचा आहे. हिंदीतील ‘हम’ ऐकणाऱ्याला धरूनही असते आणि सोडूनही असते. मराठीत मात्र दोन स्वतंत्र शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझी माणसे, ऐकणारे सोडून. ‘आपण’ म्हणजे ऐकणाऱ्यांसह सर्व. उत्तराच्या भाषणात या दोहोंचा वापर जाणीवपूर्वक करावा लागतो. गटाने केलेले काम सांगताना ‘आम्ही’ योग्य आहे, कारण श्रोत्यांनी ते काम केलेले नाही. परंतु केवळ आपण एकट्याने घेतलेल्या निर्णयासाठी ‘आम्ही असे ठरवले’ म्हटले तर ते नम्रतेऐवजी मोठेपणाचे वाटते. तेथे सरळ ‘मी’ म्हणावे. आणि ज्या गोष्टीत श्रोत्यांनाही सामील करून घ्यावयाचे आहे तेथे ‘आपण’ यावे. तीन मिनिटांच्या भाषणात ‘आपण’ एकदाच, आणि शेवटाकडे आला, तर तो अधिक परिणामकारक होतो.

७.४ कोणाची नावे घ्यावीत?

तीन मिनिटांत पंधरा नावे घेता येतात, पण ती ऐकली जात नाहीत. नावांची यादी सुरू झाली की श्रोते आपले किंवा ओळखीचे नाव येते का एवढेच पाहतात. शिवाय यादी जितकी लांब, तितके तिच्यातून गळलेले नाव अधिक खुपते. पाचजणांची नावे घेतली तर सहाव्याला वाटते, वेळ नव्हता. पंचविसांची घेतली तर सव्विसाव्याला वाटते, मला विसरले.

यावर उपाय असा की प्रत्येक नावाला एक काम जोडावे. ‘अमुक यांचे मोलाचे सहकार्य लाभले’ हे वाक्य कोणालाही लागू पडते, म्हणून ते कोणाचेच नसते. ‘अमुक यांनी वही जपली म्हणून ते वर्ष वाया गेले नाही’ हे वाक्य एकाच माणसाचे असते. असे काम जोडता येईल तेवढीच नावे घ्यावीत; ती सामान्यतः तीन ते पाच होतात. उरलेल्यांचा उल्लेख गटाने करावा, पण गटाचेही काम सांगावे.

निवड करताना एक धोका असतो. व्यासपीठावर बसलेल्या अधिकाऱ्यांची नावे सहज सुचतात, कारण ती समोर असतात आणि सूत्रसंचालकाने ती नुकतीच उच्चारलेली असतात. ज्यांचे हात कामात सर्वाधिक होते ती माणसे बहुधा सभागृहात मागे बसलेली असतात, किंवा आलेलीच नसतात. मसुदा तयार झाल्यावर त्यातील प्रत्येक नावापुढे ‘व्यासपीठावर’, ‘सभागृहात’ किंवा ‘अनुपस्थित’ असे लिहून पाहावे. सर्व नावांपुढे ‘व्यासपीठावर’ आले, तर श्रेयाची वाटणी झालेली नाही. केवळ शिष्टाचार झाला आहे.

७.५ नम्रतेची मर्यादा

‘मी या पुरस्कारास पात्र नाही’ हे वाक्य नम्रतेचे समजले जाते. ते उच्चारताना वक्ता निवड समितीला मात्र चुकीचे ठरवीत असतो. ज्यांनी कागदपत्रे तपासून, चर्चा करून निर्णय घेतला, त्यांच्यासमोर त्यांचाच निर्णय नाकारणे हे सौजन्याचे नाही. ‘हा पुरस्कार माझा नसून माझ्या सहकाऱ्यांचा आहे’ या वाक्याचीही अडचण आहे. पुरस्कारावर नाव वक्त्याचे असते आणि सन्मानचिन्हही तोच घरी नेणार असतो, हे सहकाऱ्यांना ठाऊक असते.

याहून प्रामाणिक मार्ग सोपा आहे. पुरस्कार आनंदाने स्वीकारावा. आपला वाटा एका वाक्यात स्पष्ट सांगावा. आणि इतरांचा वाटा तितक्याच स्पष्टपणे सांगावा. स्वतःचा वाटा सांगितला की इतरांचा वाटाही खरा वाटू लागतो. जो वक्ता स्वतःकडे काहीच ठेवत नाही, त्याचे वाटप हिशोबाचे वाटत नाही.

७.६ एक उदाहरण : अकोल्यातील कापूस संशोधक

आता एक प्रसंग गृहीत धरू. अकोला येथे २० ऑक्टोबर १९६९ रोजी कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. कापूस हे तेथील संशोधनाचे एक प्रमुख पीक आहे. समजा, अशा संशोधन क्षेत्रात बारा वर्षे काम केलेल्या एका संशोधकाला संकरित कापसावरील कामाबद्दल पुरस्कार मिळाला आहे आणि त्याला तीन मिनिटे बोलावयाचे आहे.

भाषणाकडे वळण्यापूर्वी त्याचे काम थोडे समजून घेऊ, कारण श्रेय कोणाचे हे कामाच्या तपशिलातूनच कळते. कापसाच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. संकरित बी तयार करण्यासाठी मादी म्हणून निवडलेल्या झाडाची कळी उमलण्याच्या आदल्या दिवशी दुपारी उकलून, तिच्या पाकळ्या आणि पुंकेसर हातांनी काढून टाकावे लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाच्या फुलातील पराग त्या स्त्रीकेसराच्या टोकाला लावतात आणि ओळखीसाठी धागा बांधतात. पुंकेसर आत राहून गेले तर फुलाचे आपल्याच परागाने फलन होऊ शकते आणि बियाण्यात भेसळ होते. जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस गुजरातेत सुरत येथे सी. टी. पटेल यांनी १९७० साली दिला. तेव्हापासून भारतात या कामाचा मोठा भार हाताने कळ्या उकलणाऱ्या मजुरांवर, त्यातही स्त्रियांवर राहिला आहे. शास्त्रीय लेखात या सर्वाचे ‘परागीकरण करण्यात आले’ एवढेच वाक्य होते.

*पहिला मसुदा*

“व्यासपीठावर विराजमान असलेले सन्माननीय अध्यक्ष महोदय, प्रमुख अतिथी, सन्माननीय संचालक, विभागप्रमुख, सर्व अधिकारी, पदाधिकारी, पत्रकार बंधू आणि उपस्थित बंधू-भगिनींनो, गेल्या बारा वर्षांच्या कालावधीमध्ये संकरित कापूस वाणांच्या विकासाचे कार्य हाती घेण्यात आले होते. सदर कार्यांतर्गत सहस्रावधी कळ्यांचे परागीकरण करण्यात येऊन विविध ठिकाणी चाचण्या घेण्यात आल्या. मी एक अत्यंत सामान्य माणूस असून या पुरस्कारास खरे तर पात्र नाही. हा पुरस्कार माझा नसून माझ्या सर्व सहकाऱ्यांचा आहे. ज्यांनी ज्यांनी मला प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष सहकार्य केले त्या सर्वांचा मी ऋणी आहे व त्यांच्या ऋणातच राहू इच्छितो.”

या मसुद्यात व्याकरणाचा दोष नाही. तरीही भाषण संपल्यावर श्रोत्यांना एकाही सहकाऱ्याचे काम आठवणार नाही. संबोधनात अनेक पदे आली, पण काम करणारा एकही माणूस आला नाही. कामाची तीन क्रियापदे आहेत आणि तिन्ही कर्त्याशिवाय आहेत. ‘सदर’, ‘कालावधी’, ‘सहस्रावधी’ हे शब्द कागदावर शोभतात, पण जिभेवर अडखळतात.

*सुधारलेला मसुदा*

(नमुन्यात नावांच्या जागा रिकाम्या ठेवल्या आहेत. प्रत्यक्ष भाषणात तेथे नावे येतील.)

“अध्यक्ष महोदय, निवड समितीचे सदस्य, आणि समोर बसलेले माझे सहकारी,

हा पुरस्कार मी आनंदाने स्वीकारतो, आणि समितीचे आभार मानतो.

संकरित वाण म्हटले, की कागदावर दोन झाडांची नावे येतात. एक मादी, एक नर. मधले काम कागदावर येत नाही. ते आज इथे सांगतो.

पऱ्हाटीची कळी उद्या उमलणार, हे आज दुपारी ओळखावे लागते. मग ती नखाने सोलायची. आतले पुंकेसर काढायचे, पण मधल्या दांड्याला धक्का लागू द्यायचा नाही. हे काम आमच्या शेतावर ..... ताई आणि ..... ताई यांनी बारा हंगाम केले. मी पुस्तक वाचून आलो होतो. कळी धरायची कशी, हे मला ..... ताईंनी दाखवले.

नोंदी ..... भाऊंनी ठेवल्या. एका वर्षी पावसाने झाडांवरच्या अर्ध्या चिठ्ठ्या धुऊन नेल्या. भाऊंच्या वहीत प्रत्येक झाडाची जागा होती. त्या वहीने आमचे ते वर्ष वाचवले.

बाळापूर तालुक्यातल्या तीन शेतकऱ्यांनी आपल्या रानाचा तुकडा चाचणीसाठी दिला. बी नवे होते. पीक येईल की नाही, हे मलाही ठाऊक नव्हते. पीक गेले असते, तर माझा पगार चालूच राहिला असता. धोका त्यांनी घेतला.

मग माझे काम काय होते? कोणते झाड ठेवायचे आणि कोणते काढायचे, हे ठरवणे. ते मी मन लावून केले. त्याचा मला आनंद आहे.

काम पुरे झालेले नाही. पावसाने मोठा खंड दिला, की हलक्या रानात हे वाण अजून माना टाकते. पुढची वर्षे त्यासाठी आहेत.

..... ताई आज इथे आल्या आहेत. शेवटच्या रांगेत बसल्या आहेत. आपण सर्वांनी एकदा मागे वळून त्यांना पाहावे, एवढी विनंती करतो, आणि थांबतो. नमस्कार.”

*विवेचन*

संबोधन एका ओळीत संपले आहे आणि त्यात सहकाऱ्यांना स्थान मिळाले आहे. स्वीकार आणि समितीचे आभार एका वाक्यात आले. त्यानंतर तीन परिच्छेदांत तीन वेगळ्या प्रकारचे श्रेय आहे : कौशल्याचे, जपणुकीचे आणि धोका पत्करण्याचे. शेतकऱ्यांविषयी बोलताना वक्त्याने ‘बहुमोल’ किंवा ‘अनमोल’ असे विशेषण वापरलेले नाही. आपला पगार चालू राहिला असता, हे एक सत्य सांगितल्याने त्यांच्या वाट्याचे वजन कळते. त्यानंतर स्वतःचा वाटा ‘मी’ या शब्दाने येतो. अपुरे राहिलेले काम सांगितल्यामुळे भाषण आत्मस्तुतीकडे झुकत नाही, आणि जाणकार श्रोत्यांचाही विश्वास बसतो. ‘आमच्या शेतावर’, ‘आमचे ते वर्ष’ येथे गट आहे. ‘आपण सर्वांनी’ येथे प्रथमच संपूर्ण सभागृह सामील होते.

शेवटच्या विनंतीविषयी एक सूचना आवश्यक आहे. एखाद्या व्यक्तीकडे सर्वांचे लक्ष वेधण्यापूर्वी तिला विचारावे. काहींना अशा वेळी संकोच वाटतो, आणि सन्मानाऐवजी अवघडलेपणा पदरी येतो. तिची इच्छा नसेल तर ‘त्या आज सभागृहात आहेत’ एवढ्यावर थांबावे. तसेच त्या व्यक्तीला ज्या नावाने कामावर हाक मारली जाते तेच नाव घ्यावे. ते आडनावासह आधी नीट विचारून घ्यावे. चुकीचे उच्चारलेले नाव हे न घेतलेल्या नावापेक्षा अधिक लागते.

७.७ बोलून पाहणे

मसुदा कागदावर तयार झाला म्हणजे भाषण तयार झाले असे नाही. तो उभे राहून, मोठ्याने, निदान तीनदा वाचावा. जेथे वाक्याच्या मध्येच श्वास घ्यावा लागतो तेथे ते वाक्य तोडावे. ‘ज्यांनी … त्यांनी’, ‘जे … ते’ अशी जोडवाक्ये लिहिताना सुटसुटीत दिसतात. ऐकणाऱ्याला मात्र पहिला भाग लक्षात ठेवून दुसऱ्याची वाट पाहावी लागते. ‘व’ हे उभयान्वयी अव्यय बोलताना हरवते. तेथे ‘आणि’ म्हणावे. ‘असून’, ‘करून’, ‘येऊन’ यांनी लांबवलेली वाक्ये दोन करावीत.

वऱ्हाडातील वक्त्यांपुढे आणखी एक प्रश्न असतो : प्रमाण मराठी बोलावी की वऱ्हाडी? अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगे महाराजांच्या कीर्तनांचे उदाहरण येथे उपयोगी आहे. ते लोकांच्या बोलीत, छोट्या छोट्या वाक्यांत बोलत आणि श्रोत्यांना प्रश्न विचारीत. याचा अर्थ आपण त्यांची नक्कल करावी असा नाही. जी बोली घरी बोलली जात नाही ती व्यासपीठावर आणली तर ती थट्टेसारखी ऐकू येते. परंतु कामाच्या वस्तूंना कामावरच्याच नावाने संबोधावे. वरील भाषणात वक्ता ‘कापसाचे झाड’ न म्हणता ‘पऱ्हाटी’ म्हणतो, आणि ‘स्त्रीकेसर’ न म्हणता ‘मधला दांडा’ म्हणतो. मागच्या रांगेतील ताईंना ते भाषण आपल्याविषयी आहे हे त्या शब्दांवरून कळते. बाकीचे भाषण प्रमाण मराठीतच आहे.

शेवटी, कागद पाहून वाचावे की न पाहता बोलावे? नावे आणि त्यांचा क्रम एका छोट्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहावा, बाकीचे बोलावे. संपूर्ण भाषण पाठ केले तर एक वाक्य निसटताच पुढचे सारे अडते. पूर्ण कागद वाचला तर ज्यांचे आभार मानायचे त्यांच्याकडे पाहता येत नाही. नाव घेताना त्या माणसाकडे पाहावे आणि नावानंतर क्षणभर थांबावे. टाळ्या होतील त्या त्या माणसाच्या असतात. त्यांवर पुढचे वाक्य टाकू नये.

७.८ सारांश

सत्काराचे उत्तर हे व्याख्यान नव्हे. त्याची मर्यादा दोन ते तीन मिनिटांची, म्हणजे सुमारे ३०० ते ३५० शब्दांची असते. श्रेय विशेषणांनी दिले जात नाही. ते कर्त्याला वाक्यात आणून दिले जाते. ‘-ण्यात आले’ ही रचना कर्त्याला पुसते. ‘मी’, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ ही सर्वनामे तिघा वेगळ्या धन्यांची आहेत. नावे थोडी घ्यावीत आणि प्रत्येकाला एक काम जोडावे. पुरस्कार नाकारण्यात नम्रता नाही. आपला वाटा नेमका सांगून इतरांचा तितकाच नेमका सांगण्यात ती आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. पुढील वाक्यांत कर्ता आणून ती पुन्हा लिहा.
(अ) लसीकरणासाठी पाड्यांवर पायी जाण्यात आले.
(आ) शाळेच्या वाचनालयाची पुस्तके उन्हाळी सुट्टीत बांधून घेण्यात आली.

२. ‘आम्ही’ की ‘आपण’? योग्य सर्वनाम निवडा व कारण द्या.
(अ) पुराच्या रात्री ..... तिघींनी रुग्णांना वरच्या मजल्यावर हलवले.
(आ) हा तलाव ..... सर्वांनी मिळून राखला, तरच टिकेल.

३. ‘मी या पुरस्कारास पात्र नाही’ या वाक्यातील अडचण दोन वाक्यांत सांगा.

उत्तरांसाठी सूचना

१. (अ) ‘आशाताई आणि परिचारिका लसीकरणासाठी पाड्यांवर पायी गेल्या.’ (आ) ‘आमच्या शिपाईभाऊंनी उन्हाळी सुट्टीत वाचनालयाची पुस्तके बांधली.’ येथे ‘बांधून घेतली’ आणि ‘बांधली’ यांतील फरक लक्षात घ्या; ‘बांधून घेतली’ म्हटले की काम सांगणारा दिसतो, करणारा दिसत नाही.
२. (अ) आम्ही – श्रोते त्या रात्री तेथे नव्हते. (आ) आपण – श्रोत्यांनाही त्या कामात घ्यावयाचे आहे.
३. विभाग ७.५ पुन्हा वाचा.

सरावासाठी स्वाध्याय

तुमच्या कार्यालयातील, शाळेतील किंवा शेतातील एक काम निवडा. त्या कामाबद्दल तुम्हांला पुरस्कार मिळाला आहे असे समजून ३०० शब्दांचे उत्तर लिहा. लिहिल्यावर त्यातील प्रत्येक क्रियापद अधोरेखित करा आणि त्याचा कर्ता वाक्यात आहे का ते तपासा. नंतर ते भाषण ज्याचे नाव त्यात आले आहे अशा एका सहकाऱ्याला वाचून दाखवा, आणि ‘हे असेच झाले होते का?’ एवढाच प्रश्न विचारा. त्याने केलेल्या दुरुस्त्यांसह अंतिम मसुदा संपर्कसत्राच्या वेळी सोबत आणावा.